भिजल्या चण्याचं पाणी

शामकलाबाईचं नाक फार तिखट होतं आणि त्या नाकाने तिला जन्मभर हैराण केलं. भात शिळा आहे हे तिला भांड्याचं झाकण न उघडता कळायचं. एसटीत पुढच्या बाकावरच्या माणसाने आंघोळ कधी केली होती ते ती मागच्या बाकावरून सांगायची, आणि सांगताना पदर नाकाला लावायची. शेवाळ, झुरळ, मासळीच्या टोपलीतून गळणारं पाणी, लग्नातल्या उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग, दुसऱ्याच्या डोक्याचं तेल लागलेली उशी, सगळ्याची तिला शिसारी. नवरा खेमराज राईस मिलमध्ये कामाला. तो कोंड्याने माखून घरी यायचा तेव्हा त्याच्यासाठी अंगणातच बादली भरून ठेवलेली असायची. "हे बायको नाही, इन्स्पेक्टर होय," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि मुकाट्याने अंग धुवायचा.

असली बाई स्वयंपाकाला मिळणं म्हणजे त्या मुलींच्या वसतिगृहाचं नशीबच. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं ते एका लहानशा संस्थेचं वसतिगृह. मागच्या व्हरांड्यातून प्रतापगडाचा डोंगर दिसायचा, पुढे शाळा, मध्ये हापशी. बासष्ट मुली, गृहपाल अनुसयाबाई, आणि स्वयंपाकघरात दोघी: शामकलाबाई नि सुखवंता. सुखवंता भात नि पोळ्या बघायची. वरण नि उसळ शामकलाबाईची, सतरा वर्षं.

तिची उसळ करण्याची रीत तिच्या आईची होती. काळा चना असो की चवळीसारखी बरबटी, संध्याकाळी मोठ्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, भिजत घालायची. सकाळी त्या पाण्यावर फेस धरलेला असायचा, पिवळट, बुडबुड्यांचा, हात घातला तर बोटांना बुळबुळीत लागणारा. तो फेस नजरेला पडू नये म्हणून ती मान वळवायची. ती गंज आडवा करून पाणी मागच्या नालीत ओतायची, चने हापशीखाली तीनदा धुवायची, मग धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून ओल्या पोत्याखाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी कोंब आलेले चने नव्या पाण्यात शिजायचे. यात काही शास्त्र आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आई म्हणायची, "ते पाणी पोटात गेलं तर पोट भांडते." तेवढं तिला पुरे होतं, आणि फेसाची किळस तर होतीच.

गेल्या श्रावणात कुठलंसं प्रशिक्षण झालं. अनुसयाबाई तिथून एक छापील कागद घेऊन आल्या आणि त्या कागदाने वसतिगृहाची वाट लावली. कागदावर लिहिलं होतं, कडधान्य भिजवलेलं पाणी टाकून देऊ नये, त्यात जीवनसत्त्वं उतरतात, त्याच पाण्यात उसळ शिजवावी. वर असंही होतं की मुलींना प्रथिनं कमी पडतात, म्हणून उसळ आठवड्यातून दोनदा नको, रोज हवी. रोज म्हटल्यावर मोड आणायला सवड कुठली? अनुसयाबाईंनी ठरवून टाकलं, मोड बंद. रात्री भिजवायचे, सकाळी त्याच पाण्यासकट चुलीवर. आणि बाई अशा भित्र्या, की उद्या कोणी तपासायला आलं तर म्हणून त्यांनी पेंटर बोलावून स्वयंपाकघराच्या भिंतीवर हिरव्या अक्षरांत लिहूनच घेतलं: कडधान्याचे पाणी फेकू नये.

"बाई, हे पाणी आहे का नाली?" शामकलाबाई गंज पुढे करून म्हणाली. "पाहा तं, कसा फेस येऊन राहिला. हे पोट्ट्याईले खाऊ घालू?"

"तुम्ही शिकल्या का जास्त? छापून आलंय ते."

"छापणाऱ्यानं खाऊन पाहिलं का पण?"

"शामकलाबाई, मला वरून विचारणा होते. तुम्हाला नाही होत."

तिने पुढे वाद घातला नाही. कामावरची बाई होती, सांगितलेलं करायची. नाक बाजूला फिरवून तिने गंज शेगडीवर चढवला. पाणी उकळलं, फेस वर आला, कडेने ओघळला, आणि त्या दिवसापासून तिने स्वतःच्या हातची उसळ खाणं सोडलं.

आठ दिवसांत मुलींची पोटं नगाऱ्यासारखी झाली. दुपारी साडेबाराला जेवण व्हायचं आणि संध्याकाळी सहाला अभ्यासाचा तास. सगळ्या मुली एका हॉलमध्ये सतरंज्यांवर, डास येतात म्हणून खिडक्या लावलेल्या. तिथे काय होत होतं ते सभ्यपणे सांगता येत नाही, म्हणून सरळ सांगतो: बासष्ट मुली पादत होत्या. आधी कोणीतरी हळूच, मग कोणीतरी खोकल्याआड, मग लाजच संपलेली. हवा अशी जड व्हायची की दारातून आत पाऊल टाकणाऱ्याच्या घशाशी यायचं. सडक्या अंड्यांचा, तुंबलेल्या गटाराचा, कुजक्या कोबीचा असा तो मिसळलेला वास भिंतींना लागला, सतरंज्यांत मुरला, मुलींच्या केसांना यायला लागला. मुली एकमेकींशेजारी बसेनात. कळा येतात म्हणून दोघी-तिघी रोज पोट धरून आडव्या. काहींनी जेवणच अर्ध्यावर आणलं.

आणि मग रिंकीचं झालं. रिंकी नववीतली. तिचे वडील दुर्गाप्रसाद पलीकडच्या गावातले मोठे शेतकरी, पालक समितीचे अध्यक्ष. शाळेत कोणी पाहुणे आले होते, दोन मिनिटं मौन होतं, आणि त्या मौनात रिंकीच्या पोटाने दगा दिला. चारशे मुलांत तो आवाज ऐकू गेला. दुसऱ्या दिवसापासून वर्गातली पोरं तिला पाहून नाक धरायला लागली. पोरगी बॅग भरून घरी गेली, म्हणाली आता शाळाच नको.

दुर्गाप्रसाद मोटरसायकलवर आले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी आधी गंज पाहिला, मग सुखवंताकडे, मग शामकलाबाईकडे.

"उसळ कोण करते?"

"मी करतो जी," शामकलाबाई म्हणाली.

"हूं," ते म्हणाले, आणि त्या एका हुंकारात सगळं आलं.

समिती बसली. शामकलाबाईच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, बुद्धविहार आहे आणि दुर्गाप्रसादांच्या घरी तिच्या हातचं पाणी चालत नाही, हे दोन्ही गावांत कोणाला सांगावं लागत नव्हतं. पण आजकाल असं उघड बोलायची सोय नाही, म्हणून माणसं दुसरे शब्द शोधतात. दुर्गाप्रसादांनी शोधला तो शब्द होता, हात.

"मी जातपात मानत नाही," ते सुरुवातीलाच म्हणाले, "लेकिन हाताचा गुण असते एकेकाच्या. काहींच्या हाताले चव राहते, काहींच्या हाताले बदबू. ते कोणाची गलती नाही."

माणसाच्या तोंडून इतकी सडकी गोष्ट इतक्या सभ्यपणे बाहेर पडते तेव्हा ऐकणाऱ्यांनी उठून जायला हवं. कोणी उठलं नाही. दोघांनी मान डोलवली. शामकलाबाई म्हणाली, "त्या पाण्यानं होऊन राहिलं ते. भिंतीवरची ओळ पुसा, मंग पाहा." अनुसयाबाईंचा चेहरा उतरला. ओळ त्यांनी लिहून घेतली होती, चूक निघाली असती तर ती त्यांची निघाली असती. त्या घाईने म्हणाल्या, "पाण्याचं काही नाही. ते छापून आलेलं आहे."

मग दुर्गाप्रसादांनीच तोडगा काढला. एक आठवडा उसळ सुखवंता करेल; तिच्या हातचं त्यांच्याकडे चालायचं. वास राहिला तर विषय संपला. वास गेला, तर शामकलाबाईची सुट्टी, कायमची. "आणि तोवर त्यांना बसवून कशाला ठेवायचं," ते जाता जाता म्हणाले, "संडास, बाथरूम, नाल्या, बघतील तेवढं."

सतरा वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईच्या हातात झाडू नि फिनाइलची बाटली दिली. तिच्या आजीने गावाची मेली ढोरं ओढणं नि घाण काढणं सोडलं होतं, आई शेतावर मजुरीला गेली होती, आणि ती स्वतः गंज-कढयांपर्यंत पोचली होती. एका हुंकाराने तिला परत आजीच्या जागी नेऊन ठेवलं. खेमराज म्हणाला, "सोडून दे नोकरी." ती म्हणाली, "आता सोडली तं ते खरं होईन." नाकाला ओढणी बांधून ती संडास धुवायला लागली. एरवी जिला दुसऱ्याच्या उशीची किळस, तिने बासष्ट मुलींचे संडास धुतले, आणि तिला मळाची किळस आली नाही. समितीतल्या माणसांच्या चेहऱ्यांची आली.

सोमवार, मंगळवार हॉलमध्ये तसाच वास. शामकलाबाईला जरा धीर आला. बुधवारी वास कमी वाटला. गुरुवारी मुली खिडक्या बंद करून निवांत बसल्या. अगदीच काही नव्हतं असं नाही, पोट आहे म्हटल्यावर वारा असणारच, पण जीव गुदमरत नव्हता. अनुसयाबाई हॉलमधून बाहेर आल्या त्या हसतमुखाने. गुरुवारी संध्याकाळीच दुर्गाप्रसादांना फोन गेला. "देखा?" ते म्हणाले म्हणे. "हात बदलला, बदबू गेली." शनिवारी समिती बसणार, शामकलाबाईला काढल्याचा कागद तयार होणार असं ठरलं. रिंकीलाही शुक्रवारी परत आणून सोडलं.

 शामकलाबाईची नोकरी जाणार हे एक, पण त्याहून वाईट ते तिच्या मनात शिरलं होतं. चना तोच, मीठ तेच, शेगडी तीच, पाणीही भिंतीवर लिहिलंय तसंच. बदलला तो फक्त हात. मग खरंच का?

शुक्रवारी सकाळी ती मागची नाली काढत होती. नाली पानांनी तुंबलेली, फावडं घातलं तसा खालचा गाळ वर आला. नाकाला ओढणी घट्ट बांधून तिने दुसरं फावडं मारलं आणि थांबली. काळ्या गाळावर फेस होता. पिवळट, बुडबुड्यांचा, तिच्या ओळखीचा. फेसात चार-पाच चन्याची सालं. आणि कडेच्या विटेला अडकलेले तीन अख्खे चने, तिन्हींना पांढरे कोंब.

ती खाली बसली. त्यातला एक चना तिने बोटांत धरला, कोंबासकट. तिच्या आईच्या रीतीचा चना होता तो. गंज आडवा करून पाणी ओतताना, फडक्यातले चने धुताना, चार दाणे नालीत जातातच.

सुखवंता आत कणीक मळत होती. शामकलाबाईने तो चिखलाचा चना तिच्या परातीच्या काठावर ठेवला.

"पाणी फेकून राहिली का तू?"

सुखवंताने परातीतून हात काढला. आधी दाराकडे पाहिलं, मग म्हणाली, "हळू बोला ना, ताई."

"मोडबी आणून राहिली?"

"मंगळवारपासून. तांदळाच्या पोत्यामागे बांधून ठेवतो फडक्यात. बाईले दिसत नाही तिथे. रस्साबी दाट करतो, कोंब दिसत नाही." तिचे डोळे भरले. "मी पोट्ट्याईच्या बाजूच्या खोलीत झोपतो, ताई. मले सहन नाही झालं. तुमची रीत मले माहीत होती, तशी केली मी. मले का मालूम ते सारं तुमच्यावर जाईन म्हणून?"

"बुधवारी मालूम नव्हतं. काल तं झालं ना मालूम? काल सारे तुह्या हाताचं गुणगान गाऊन राहिले होते, तवा तुह्या तोंडात काय होतं?"

सुखवंताने परत कणकेत हात घातले. ती वाईट बाई नव्हती, हेच जास्त ओंगळ होतं. सतरा वर्षं एका चुलीपाशी उभी राहिलेली, दुखण्याखुपण्यात एकमेकींच्या घरी डबे नेलेली बाई, आणि जरा कौतुक झालं तर हिच्या रीतीची उसळ रांधून ती हिचीच नोकरी जाताना बघत बसली होती. शामकलाबाईला तिथे उभं राहवेना. ते तीन चने कागदात बांधून ती शाळेत गेली.

विज्ञानाच्या अल्का मॅडम प्रयोगशाळेत एकट्याच होत्या. संध्याकाळच्या शेवटच्या त्यांच्या तासाला वसतिगृहाच्या मुली वर्गात बसायच्या, त्यामुळे हा विषय त्यांना नाकाने माहीत होता. शामकलाबाईने कागद उलगडला आणि सगळं सांगितलं.

"मॅडम, मले एकच सांगा. माह्या हातानं होते का हे?"

"हातानं?" मॅडमना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसा आधी. हातांचा काही संबंध नाही. चण्यात एका जातीच्या साखरा असतात. रॅफिनोज, स्टॅकिओज अशी नावं आहेत. आपली नेहमीची साखर आतड्यात विरघळून रक्तात जाते. या साखरांचे दुवे जरा वेगळे जोडलेले असतात, आणि ते दुवे तोडणारं एन्झाइम माणसाच्या पोटात तयारच होत नाही. कोणाच्याच नाही. माझ्या नाही, तुमच्या नाही, दुर्गाप्रसादांच्याही नाही."

"मंग त्या जातात कुठे?"

"तशाच पुढे सरकत मोठ्या आतड्यात. तिथे कोट्यवधी जिवाणू बसलेले असतात. त्यांच्याकडे ते एन्झाइम असतं. ते त्या साखरेवर तुटून पडतात, ती आंबवतात, आणि त्यातून वायू तयार होतो. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही. पोट फुगतं ते त्याने."

"अन् वास?"

"या वायूंना वास नसतो. वास येतो तो गंधक असलेल्या वायूंचा. ते अगदी थोडे असतात, पण तेवढे पुरतात. आणि हे सगळं व्हायला वेळ लागतो. चना मोठ्या आतड्यात पोचायला पाच-सहा तास. साडेबाराला जेवलात, सहाला हॉल भरला."

 आपल्या आत कोट्यवधी किडे बसलेत नि चना आंबवताहेत, ही कल्पना शामकलाबाईच्या नाकाला पेलणारी नव्हती. पण ती ऐकत राहिली.

"तो कागदही अगदी खोटा नाही," मॅडम म्हणाल्या. "भिजवलेल्या पाण्यात थोडी जीवनसत्त्वं उतरतात. पण या साखराही उतरतात. पाणी टाकलंत की त्यातल्या बऱ्याचशा गेल्या. मोड आणलेत की आणखी कमी झाल्या, कारण ती साखर म्हणजे बीजाची शिदोरी. कोंब काढताना दाणा स्वतःच ती तोडून खातो. ते एन्झाइम त्याच्याकडे असतं. तुमच्या आईची रीत बरोबर होती. त्या पाण्यातच शिजवलं, तर सगळी साखर ताटात."

शामकलाबाईने तिन्ही चने परत कागदात गुंडाळले. मग म्हणाली, "उद्या समितीत सांगान का हे?"

"सांगीन. पण नुसतं सांगून ते ऐकतील असं वाटत नाही मला," मॅडम म्हणाल्या. "ते म्हणतील, मुलींना सवय झाली. सवयीने पोट थोडं सुधारतंही, तेही खरं आहे. त्यांना दाखवायला लागेल."

दाखवायचं कसं, ते शामकलाबाईने स्वतःच ठरवलं. त्याच दुपारी ती अनुसयाबाईंकडे गेली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, उद्याची उसळ सुखवंतानंच करावी. तुमच्या समोर, भिंतीवरच्या ओळीपरमाने, भिजलेल्या पाण्यासकट. अन् समितीनं इथेच जेवावं. मी स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही." अनुसयाबाईंना त्यात काही खोट दिसली नाही. उलट सुखवंताच्या हातची उसळ अध्यक्षांना वाढता येईल म्हणून त्या खूशच झाल्या. त्यांनी रात्री चने स्वतः भिजत घातले. सकाळी सुखवंता मान खाली घालून गंजापाशी उभी राहिली. अनुसयाबाई बाजूलाच उभ्या. फेसासकट गंज शेगडीवर चढला.

दुपारी दुर्गाप्रसाद नि समितीचे दोघे व्हरांड्यात पंगतीला बसले. दुर्गाप्रसादांनी उसळ दोनदा मागून घेतली. "वा, सुखवंता," ते मुलींना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे होय हात." मग ते अनुसयाबाईंच्या ऑफिसात पंख्याखाली आडवे झाले. समिती संध्याकाळी सहाला, हॉलमध्येच, मुलींसमोर. वास नाही हे सगळ्यांना कळावं, ही त्यांचीच कल्पना.

सहा वाजता खिडक्या लागल्या. मुली सतरंज्यांवर, समोर तीन खुर्च्या. अल्का मॅडम बाजूच्या बाकावर, शामकलाबाई दारापाशी झाडू घेऊन उभी. दुर्गाप्रसाद कागद हातात घेऊन उठले, "आज आपण सगळे," एवढं म्हणाले आणि थांबले. त्यांनी पाय बदलला. घसा साफ केला. परत "आज आपण" म्हणाले. पोटात काहीतरी गुरगुरलं ते पहिल्या रांगेतल्या मुलींनी ऐकलं. ते खुर्चीवर बसले, खुर्ची मुद्दाम ओढून आवाज केला, पण खुर्ची थांबली आणि मागून जो आवाज आला तो खुर्चीचा नव्हता. लांबलचक होता. सगळ्या हॉलने तो शेवटपर्यंत ऐकला.

कोणी हसलं नाही. बापाकडे पाहताना रिंकीचे डोळे विस्फारले, मग तिने मान खाली घातली. आणि एवढ्यात बाकीच्या पोटांनीही तोंड उघडलं. पाच मिनिटांत हॉल पूर्वीसारखा झाला. तोच सडका, गटाराचा, जड वास. समितीतल्या एकाने रुमाल काढला, दुसऱ्याने उठून खिडकी उघडली. अनुसयाबाई पदर नाकाला लावून भिंतीकडे बघत बसल्या.

अल्का मॅडम उठल्या आणि त्यांनी शांतपणे, शाळेत सांगतात तसं सगळं सांगितलं: साखर, एन्झाइम, जिवाणू, पाच-सहा तास. शेवटी म्हणाल्या, "आजची उसळ कोणी केली, हे तुम्हीच सांगितलंत दुपारी."

तेव्हा सुखवंता स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. ती रडत होती. "बुधवारी वास कमी झाला तं मी पाणी फेकलं होतं म्हणून," ती म्हणाली. "मोड आणले होते, ताईच्या रीतीनं. हात कोणाचाच नाही. माहाबी नाही." एवढं बोलायला तिला दोन दिवस लागले होते. शामकलाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही.

दुर्गाप्रसाद उभे राहिले. कागद त्यांनी घडी करून खिशात टाकला. मोठी माणसं चूक झाली की तिची धूळ झटकतात, तसं ते हसल्यासारखं करून म्हणाले, "चलो, मालूम पडलं. पाण्याचीच गडबड होती. झालं ते झालं, शामकलाबाई. उद्यापासून तुम्हीच करा उसळ. आमची काही तक्रार नाही."

शामकलाबाईने झाडू भिंतीला टेकवला. इतका वेळ ती पोटातलं पोटात ठेवून उभी होती. आता ती पुढे आली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

"दुर्गाप्रसादजी, मी या हॉलात कितीक दिवस वास घेतला. संडास धुतले, नाली काढली. मले किळस लवकर येते, साऱ्या गावाले माहीत आहे. पण तुम्ही हात म्हटलं त्या दिवसापासून मी काय करून राहिली, ते तुमाले माहीत नाही." तिने दोन्ही तळवे वर केले. फिनाइलने ते पांढरट पडले होते, बोटांच्या पेरांवर चिरा. "घरी जातांनी रोज बोडीच्या पाण्यावर थांबतो. साबण घेऊन. हात धुतो, अन् मंग हुंगून पाहतो. आपलेच हात, माह्या मायनं देल्लेले. पोट्ट्या पोटात हवा धरून राहिल्या तं ते त्याईच्या पोटातल्या किड्याईनं केलं, मॅडमनं सांगितलं. माह्या डोक्यात हे कोणत्या किड्यानं केलं?"

 दुर्गाप्रसादांचं पोट परत गुरगुरलं. ते दाराकडे गेले, चपला घातल्या आणि मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसयाबाईंनी ब्लेडने भिंतीवरची हिरवी ओळ खरवडून काढली. शामकलाबाई स्वयंपाकघरात आली. गंजात रात्रीचे चने होते, फेसासकट. तिने नाक मुरडलं, गंज आडवा केला आणि पाणी नालीत ओतलं. सुखवंता फडकं घेऊन बाजूला उभी होती, ते तिने ओढून घेतलं आणि चने बांधले. मग हापशीवर जाऊन हात धुतले, आणि सवयीने नाकाशी नेले.